लहान मुलांशी लाडानं बोलणं: "टाईम फॉर बेड", "गुड बॉय" आणि रात्रीच्या झोपेचे नेहमीचे प्रश्न

बालवाडीच्या दारात, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, कुठेही गाठ पडली की आईबाप आणि आज्या हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांबद्दल आहे आणि जास्त करून झोपवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची घरं डोळ्यासमोर आहेत, त्यामुळे मालवणी मध्ये मध्ये येणारच.

१. "टाईम फॉर बेड" हे मराठीत कसं म्हणायचं? "झोपायची वेळ झाली" म्हटलं की एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट वाटते.

वाटतेच, कारण आपल्याकडे बाळाला वेळ कोणी सांगत नाही, पुढचं काम सांगतात आणि त्यात स्वतःलाही धरतात. "चला, आता आपण गाई गाई करायची हं." यात "चला" आहे, "आपण" आहे, शेवटी "हं" आहे, आणि गाई गाई हा बाळाच्या तोंडातला शब्द आहे. दोन वर्षांच्या मुलाला "वेळ झाली" म्हणजे काय ते कळतच नाही, त्याला घड्याळ नाही, पण आई हात धरून गोधडीकडे निघाली आणि "आपण" म्हणाली हे बरोबर कळतं.

बाकी घरोघरी वेगळं असतं, कोणाकडे जोजो, कोणाकडे निन्नी, कोणाकडे सरळ "नीज". मालवणीत "चल रे बाबू, निजाक जावया" किंवा नुसतं "झोप इली मा माज्या बाबूक?" यातलं काहीही चालतं, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच धरा. आई गाई गाई म्हणते, बाबा स्लीपी टाईम म्हणतात, काकी जोजो म्हणते, मग त्या शब्दाबरोबर झोप यायची सवय लागायला वेळ लागतो.

२. "गुड बॉय", "गुड गर्ल"ला काय म्हणू? "चांगला मुलगा" बरं वाटत नाही.

"चांगला मुलगा" म्हटलं की ताईसाठी स्थळ आल्यासारखं वाटतं. आपल्याकडचे शब्द वेगळे आहेत: शहाणं बाळ ते, गुणी बाळ माझं, गुणाची गं माझी बाय, किंवा नुसतं शाब्बास. मालवणीत "शाणो माजो बाबू", मुलीला "शाणा माजा चेडू". यात बरेचदा मुलगा-मुलगी असं काही नसतंच, बाळ म्हटलं की नपुंसकलिंग आलं आणि विषय संपला (लिंगाचा घोळ होतो का ते प्रश्न ८ मध्ये).

पण शब्दापेक्षा महत्त्वाचं हे की नुसतं "शहाणं बाळ" म्हणून थांबू नका, काय केलं ते पण बोला. "चप्पल जागेवर ठेवलीस? शाब्बास." "सगळी पेज संपवलीस, शाणो तो." यावर अमेरिकेत एक चांगला अभ्यास झालाय, २०१३ साली छापून आला. मुलं १४, २६ आणि ३८ महिन्यांची असताना त्यांच्या घरी जाऊन आईबाप कसं बोलतात ते रेकॉर्ड केलं, आणि तीच मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर त्यांना परत भेटले. ज्या घरात कौतुकात केलेल्या कामाचं, धडपडीचं कौतुक जास्त प्रमाणात होतं ती मुलं पुढे अवघड गोष्टीला कमी घाबरत होती आणि प्रयत्नानं जमतं असं मानत होती. याचा अर्थ "गुणी बाळ" म्हणायचं नाही असा नाही हां. लाडाचा शब्द लाडाचाच राहू दे, त्याला रोज कारण लागत नाही. फक्त शाबासकी द्यायची असेल तेव्हा ती कशाची ते बाळाला ऐकू जाऊ दे.

आणि एक, झोपेला हे लावू नका. "शहाणी बाळं झोपतात, वाईट बाळं जागी राहतात" हे फार घरात ऐकू येतं. झोप काय त्याच्या हातात आहे? पडून राहणं हातात आहे, डोळे मिटणं थोडंफार हातात आहे, त्याचं कौतुक करा: "कसं गप्प पडून राहिलं माझं बाळ."

३. मम्मं, भुर्र, बाऊ, जेजे हे शब्द खरे आहेत का? की आपण उगाच काहीतरी बोलतो?

अगदी खरे आहेत, आणि यांच्यावर नीट शास्त्रीय लिखाण पण आहे. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली त्यात एक मराठी होती, आणि त्याच वर्षी आपल्या अशोक केळकरांनी फक्त मराठी बाळबोलीवर वेगळा निबंध लिहिला. त्यामुळे कोणी "काय येड्यासारखं बोलतेस पोराशी" म्हटलं तर सांगा, की यावर मोठी माणसं अभ्यास करून गेली.

नीट बघितलं तर या शब्दांना नियम आहेत. ओठांनी काढायचे सोपे आवाज पुढे येतात, म, प, ब, भ. एकच तुकडा दोनदा येतो, मम्मं, जेजे, भूभू, शीशी. प्राण्यांना शेवटी "ऊ" लागतो, चिऊ, काऊ, माऊ. आणि एक शब्द चार कामं करतो, "भुर्र" म्हणजे बाहेर जाणं, पक्षी उडणं, बाबांची स्कूटर, सगळंच. दीड वर्षाच्या तोंडाला जे आवाज जमतात त्यातून हे शब्द बनलेत, म्हणून बाळ ते लवकर उचलतं. मुद्दाम टाळून पहिल्या दिवसापासून "जेवण", "कुत्रा", "जखम" शिकवायची गरज नाही. दोन्ही जोडून बोला म्हणजे झालं: "भूभू आला बघ, काळा कुत्रा, केवढा मोठा." बाळ आज भूभू घेईल, काही महिन्यांनी कुत्रा घेईल.

४. मग आपण बोबडं बोललो तर मूल बोबडंच राहणार ना? आमचे सासरे ओरडतात.

सासरे अर्धे बरोबर आहेत. "लाडानं बोलणं" म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकत्र केल्यामुळे भांडणं होतात.

पहिली म्हणजे सूर. आवाज थोडा वर, सावकाश, स्वर लांबवून, "कोऽऽण आलं?" हे चांगलंच आहे, तान्ही मुलं साध्या बोलण्यापेक्षा या सुराकडे जास्त वेळ लक्ष देतात हे खूप वेळा तपासून झालंय. दुसरी म्हणजे बाळाचे शब्द, ते वर प्रश्न ३ मध्ये झाले, त्यानेही काही बिघडत नाही. तिसरी म्हणजे नीट शब्द मुद्दाम मोडून बोलणं, "माज्या शोनूला लाग आला का ले". हे अधूनमधून लाडात ठीक, पण दिवसभर हेच चाललं तर बाळाला "र" आणि "ळ" ऐकायला कुठून मिळणार? म्हणून सूर ठेवा, शब्द ठेवा, मोडतोड कमी करा.

यात एक मजा आहे. मूल स्वतः बोबडं बोलतं तेव्हा त्याला कानानं बरोबर शब्द माहीत असतो. ते "माशा"ला "माता" म्हणतं, आणि तुम्ही "माता हवा तुला?" विचारलं तर चिडतं, "नाय! माता!" तुम्ही "मासा" म्हटलंत की मान डोलावतं. भाषाशास्त्रात हे १९६० पासून नोंदलेलं आहे, तिथे पण नेमका माशाचाच शब्द होता, इंग्लिशमधला फिश, पोरगं त्याला "फिस" म्हणायचं आणि मोठ्या माणसानं "फिस" म्हटलं की ऐकून घ्यायचं नाही. म्हणजे आपण त्याच्यासारखं बोबडं बोललो तर त्याला मदत होत नाही, उलट ते वैतागतं. आणि सुधारायला पण जाऊ नका, "माता नाही, म्हण मासा, म्हण!" असलं काही नको, तुम्ही फक्त पुढच्या वाक्यात नीट बोला: "हो, मासा. तळलेला मासा."

५. झोपवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय बोलायचं ते ओळीनं सांगा ना.

हा सगळ्यात जास्त विचारलेला, म्हणून एक खरंच घडलेलं घर घेते. वेंगुर्ल्याजवळची वाडी, मुलगा सव्वादोन वर्षांचा, घरी आई, आजी, आजोबा, बाबा कामाला मुंबईत. रात्री साडेआठला झोपवायला घेतलं की दहा वाजेपर्यंत पाणी, शू, गाडी, आजो, परत पाणी. आई वैतागून शेवटी मोबाईल देत होती. आम्ही वेळ बदलली नाही, फक्त बोलणं बदललं.

आठ वाजता तो पडवीत गाडी फिरवत असतो. आधी आई म्हणायची "पाच मिनिटांत झोपायचं हां", आणि पाच मिनिटांनी गाडी काढून घेतली की भोंगा. पाच मिनिटं त्याला मोजता येत नाहीत, पण खेप मोजता येते. म्हणून आता, "अजून दोनदा गाडी तुळशीपर्यंत नेऊन आण, मग गाडी शेडमध्ये." तो दोनदा नेतो, आई मोठ्यानं मोजते, आणि गाडी तोच कॉटखाली ठेवतो. "गाडी पण दमली, शेडमध्ये गेली."

मग मोरीवर हातपाय. इथे अजून बोलणं भरपूर आणि आवाज मोठा चालतो, बोटांची नावं, पायाची माती, पाणी गार का गरम. पाणी पिणं आणि शू इथेच उरकायचं आणि तोंडानं बोलून उरकायचं: "पाणी झालं. शू झाली. आता काय राहिलं? काहीच नाही." हे वाक्य फार कामाचं आहे, कारण नंतर अंथरुणातून पाणी मागितलं की त्याला आठवण करता येते.

मग खोलीत, दिवा बारीक, पाठीवर हात. आता दिवसातल्या दोन-तीनच गोष्टी, आणि त्या भूतकाळात: "सकाळी हम्मा बघितली. दुपारी आजोबांनी शहाळं दिलं. मग पाऊस आला." नवीन काही नाही, उद्याचं तर मुळीच नाही. "उद्या आपण बीचवर जायचं हं" म्हणालात की संपलं, तो उठून बसतो.

त्यानंतर कोण कोण झोपलं त्याची फेरी, ही आपल्याकडची जुनी आणि पक्की रीत. "चिऊ झोपली. काऊ झोपला. हम्मा गोठ्यात झोपली. माऊ चुलीपाशी झोपली. होडी पण वाळूवर झोपली." रोज तीच नावं, त्याच क्रमानं. दर नावाला आवाज एक पायरी खाली आणि मधली जागा थोडी लांब. सुरुवातीला तो भर घालतो, "आणि बेडूक?" तेव्हा "बेडूक पण" एवढंच म्हणायचं, पावसाळ्यात बेडूक बाहेर ओरडत असला तरी. शेवटी बाळाचं नाव, आणि मग एकच ओळ परत परत, या घरात ती "आता बाळ गाई गाई" अशी आहे, अर्धी बोलणं अर्धा सूर. अंगाई येत असेल तर अंगाई म्हणा, येत नसेल तर ही ओळ पुरते.

खरी कसोटी पुढे. तो उठला, "आई, पाणी". आधी आई समजावत बसायची, आत्ताच प्यायलास ना, रात्री जास्त पाणी पिऊ नये, बघ आजी पण झोपली, आणि प्रत्येक नव्या वाक्यानं तो जास्त जागा व्हायचा, कारण नवीन वाक्य म्हणजे गप्पा सुरू. आता फक्त "पाणी झालं. आता बाळ गाई गाई", त्याच सुरात, तेच शब्द, पाठीवर हात. पहिले दोन-तीन दिवस तो जास्तच रडला, हे सांगून ठेवते, कारण बरेच जण तिथेच सोडतात. मग हळूहळू उठणं कमी झालं. ताप, कान दुखणं, दात येणं असेल तर हे सगळं बाजूला ठेवायचं आणि जवळ घ्यायचं. रडण्याचा आवाज वेगळा असतो, आईला कळतो.

जमतंय हे कसं ओळखायचं? फेरी चालू असताना मूल उत्तरं द्यायचं थांबतं, नंतर नावांमध्ये भर घालत नाही, मग कानाशी किंवा गोधडीच्या टोकाशी बोटं खेळायला लागतात. तिथून पुढे तुम्ही पण शब्द सोडा, नुसतं "हं… हं…"

६. "झोपायचं का?" विचारलं की दर वेळी "नाई". काय करू?

विचारू नका. ज्याचं उत्तर "नाही" चालणार नाही तो प्रश्नच करायचा नाही. विचारायचंच असेल तर जिथे दोन्ही उत्तरं तुम्हाला चालतील तिथे विचारा, "आजीची गोधडी का निळी चादर?", "चालत जायचं का कडेवर?" दोन-अडीच वर्षांचं मूल "नाही" म्हणून बघतं कारण त्याला तो शब्द नुकताच सापडलेला असतो. तो हट्टीपणा नाही.

७. आजी म्हणते "झोप नाहीतर बागुलबुवा येईल", कधी "देवचार नेईल". आणि तो खरंच गप्प होतो हो. मग वाईट काय?

गप्प होतो, झोपत नाही. दोन्हीत फरक आहे. घाबरलेलं मूल डोळे घट्ट मिटून पडतं, अंग आखडलेलं, आईचा पदर मुठीत, आणि मग रात्री दोनला दचकून उठतं तेव्हा आजी झोपलेली असते आणि तुम्ही जाग्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला खरं आणि सांगीव नीट वेगळं करता येत नाही, त्याच्यासाठी बागुलबुवा खरंच माडाच्या मागे उभा असतो. वर तो झोपेशी जोडला जातो, म्हणजे रोज अंधार पडला की भीती.

देवचाराचं तर मला अजिबात पटत नाही, कारण आपल्या सिंधुदुर्गात तो राखणदार मानतात, त्याला नारळ ठेवतात, आणि पोराला सांगायचं की तो तुला पळवून नेईल? सांगायचंच तर राखण सांगा, "बाहेर राखण आहे, आत आई आहे, झोप."

आजीला तोडून बोलू नका, तिनं चार पोरं अशीच झोपवलीत. बागुलबुवालाच कामाला लावा: "आई, आज बागुलबुवाला पण झोपवूया, त्याला तुम्हीच गोष्ट सांगा." बऱ्याच आज्या यावर हसतात आणि गोष्ट सांगायला बसतात. काही नाही हसत, मग झोपवायची फेरी (प्रश्न ५) आजीकडे द्या आणि नावं तिला ठरवू द्या, एकदा काम तिचं झालं की धमकी आपोआप मागे पडते.

८. आमच्याकडे मुलीला "काय रे बाळा" आणि मुलाला "अगं बाई, रडू नको" म्हणतात. मूल कन्फ्यूज नाही होणार?

नाही. हे मराठीत लाड करायची पद्धतच आहे आणि पिढ्यानपिढ्या मुलं यातून गेलीत. मालवणीत तर चेडू मुळातच नपुंसक, "ता चेडू इला". मुलं लिंग शिकतात ते दिवसभराच्या साध्या बोलण्यातून, "दादा गेला, ताई गेली, वासरू गेलं", आणि लाडाचा सूर वेगळा आहे हे त्यांना कळतं. तीन वर्षांच्या आसपास मूल स्वतःबद्दल कधी "मी गेलो" कधी "मी गेली" म्हणतं, त्यातही घाबरू नका, घरात जास्त कोणाचं बोलणं कानावर पडतं त्यावर ते असतं. आईजवळ राहणारा मुलगा "मी जाते" म्हणतोच थोडे दिवस. हसू मात्र नका, चारचौघात हसलं की काही मुलं बोलणंच कमी करतात.

९. घरात मालवणी, बालवाडीत शुद्ध मराठी, मुंबईचे काका इंग्लिश. बाळाशी लाडानं कुठल्या भाषेत बोलायचं?

ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात त्या. आजीला मालवणीत येतात तर मालवणीत, तिला "बेटा, गुड नाईट" शिकवू नका, ती ते पाठ केल्यासारखं म्हणेल आणि दोन वाक्यांत तिचं बोलणं संपेल, मालवणीत ती तासभर बोलेल. आणि बाळाला लागतं ते भरपूर बोलणं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं उशिरा येतं हा समज आहे, भाषा मिसळून बोलेल पण ते नॉर्मल आहे. इंग्लिश शाळेत घालायचंय म्हणून घरात "ईट युवर राईस, गुड बॉय" चालू केलेल्या आया बघितल्यात. त्यांचं स्वतःचं इंग्लिश दहा-बारा वाक्यांचं असतं, त्यामुळे बाळाला दिवसभर तीच दहा-बारा वाक्यं. मालवणीत असती तर गोष्टी मिळाल्या असत्या.

१०. माझी बायको केरळची आहे, तिला रात्रीची थोडी मराठी वाक्यं हवी आहेत, सोपी.

तिनं मल्याळममध्येच झोपवलं तरी उत्तम (वर ९). पण हौस असेल तर: "ये, माझ्या कुशीत ये." "डोळे मिटा बघू." "आई इथेच आहे हं." "शहाणं माझं बाळ." "झोप आली ना माझ्या सोन्याला?" यात "बघू" आणि "हं" सोडू नका, ते काढलं की हुकूम होतो. "डोळे मीट" आणि "डोळे मिटा बघू" दोन्ही म्हणून बघा, लगेच कळेल. बाळाला "मिटा" असं मानानं बोलणं हा पण लाडच, त्यात चूक काही नाही.

११. बाबा रात्री व्हिडिओ कॉलवर "गुड नाईट" म्हणतात आणि मग हा तासभर झोपत नाही.

चाकरमानी आणि बोटीवरच्या लोकांच्या घरी हे हमखास. कॉल झोपेच्या शेवटी ठेवला की काय होतं, बाबा दिसतात, आनंद होतो, आणि लगेच स्क्रीन बंद होऊन बाबा गायब. म्हणजे झोपेच्या तोंडावर रोज एकदा बाबा जातात. कॉल हातपाय धुवायच्या आधी घ्या. बाबांनी "गुड नाईट, झोप आता" म्हणण्याऐवजी स्वतःचं पुढचं काम सांगावं, "बाबा आता जेवणार, तू हातपाय धुणार." मग झोपायच्या फेरीत बाबांचं नाव येऊ दे, "बाबा पण झोपले", रात्रपाळीला असले तरी. एवढं खोटं चालतं.

१२. गणपतीत घर भरलेलं, अकरापर्यंत आरत्या आणि भजन, सगळी पोरं जागी. रुटीनचं काय?

मोडणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. रात्री अकरा झाले तर दुपारची थोडी जास्त द्या म्हणजे अगदीच कमी पडत नाही. जागा बदलली, वेळ बदलली तरी शब्द बदलू नका. मृदंग चालू असला तरी माजघरातल्या कोपऱ्यात तीच फेरी, तीच ओळ, आणि नेहमीची गोधडी. पाहुण्यांनी "झोपू दे गं, कशाला, आण इकडे" म्हटलं की मूल परत हातोहात फिरतं, तेव्हा घरातल्या एकानं तरी दाराशी बसावं.

१३. दोन वर्षांचा झाला आणि फक्त मम्मं, टाटा, भुर्र एवढंच बोलतो. आमच्या लाडामुळे का?

लाडामुळे नाही. आणि आधी मोजणी नीट करा: मम्मं, भुर्र, बाऊ हे शब्द म्हणून धरतात, मूल एकाच गोष्टीसाठी तोच आवाज काढत असेल तर तो शब्द. मालवणी आणि मराठी मिळून मोजायचं, वेगवेगळं नाही.

पण थांबून पण राहू नका. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही ("मम्मं दे", "बाबा भुर्र"), हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचा बंद झाला, यातलं काहीही असेल तर दाखवायचं. "मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा पण तीन वर्षांनी बोलला" ऐकत बसायचं नाही. पहिल्यांदा कान तपासतात, कारण सारखी सर्दी होऊन कानात पाणी राहिलेली मुलं आपल्याकडच्या पावसाळ्यात खूप असतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, अंगणवाडी ताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी मुलाला नक्की घेऊन जाता येतं.

१४. चार वर्षांची झाली तरी "बाऊ झाला", "मम्मं हवी" म्हणते, बाहेर मात्र नीट बोलते.

बाहेर नीट बोलते ना, मग झालं. घरी आईजवळ लहान व्हायचं असतं तिला, बऱ्याचदा धाकटं भावंड आल्यावर जास्त. तुम्ही साध्या शब्दात उत्तर द्या, "कुठे लागलं, दाखव", टोकू नका. बाहेर पण शिक्षकांना कळत नसेल असं बोलत असेल तर मात्र वरच्या प्रश्नातलं बघा.